वरण-पोळीत ल्युसिन किती? एका जेवणाचा ग्रॅममधला हिशोब

प्रश्न: "वय ५८, वजन ६८ किलो, वडोदऱ्यात राहतो, अंडंही खात नाही. काही महिन्यांपासून आठवड्यातून तीन दिवस जिममध्ये वजनं उचलतो. ट्रेनर म्हणतो, प्रत्येक जेवणात ३ ग्रॅम ल्युसिन गेलं नाही तर स्नायू बनतच नाहीत, शाकाहारात ते जमत नाही, ल्युसिनची पावडर घ्या. माझं खाणं: सकाळी पोहे-चहा, दुपारी दोन पोळ्या, भाजी, वरण-भात, ताक, चारला चहा आणि दोन खाखरे, रात्री मुगाची खिचडी-कढी. यात ल्युसिन किती होतं? पावडर घेऊ का?"

तुमच्या ट्रेनरचा आकडा अगदीच हवेतला नाही, पण त्यातून त्याने काढलेल्या दोन्ही गोष्टी चुकल्या आहेत. तुमच्या ताटात ल्युसिन कमी पडतंय हे खरं. मात्र शाकाहारात ते जमत नाही म्हणून ते कमी पडत नाही. तुमच्या ताटात मुळात प्रोटीनच कमी आहे, आणि त्याच्याबरोबर ल्युसिनही. म्हणून नुसत्या ल्युसिनची पावडर हा त्यावरचा उपाय नव्हे. आता हिशोब करू.

आधी तो ३ ग्रॅमचा आकडा येतो कुठून ते बघा. प्रोटीन पचलं की त्याचे अमिनो आम्ल नावाचे घटक सुटे होऊन रक्तात येतात. यातले नऊ शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ते अन्नातूनच मिळवावे लागतात. ल्युसिन त्यांपैकी एक. बाकीचे आठ स्नायूसाठी मुख्यतः बांधकामाचं सामान आहेत, ल्युसिन मात्र सामान असून शिवाय स्नायूच्या पेशीला 'काम सुरू करा' असा इशाराही देतं. रक्तातलं ल्युसिन जेवणानंतर पुरेसं वर गेलं तर नवीन स्नायू-प्रोटीन बनण्याचा वेग काही तास वाढतो. ते थोडंसंच वर गेलं तर वेगही थोडाच वाढतो. तरुणांमध्ये शरीराच्या दर किलोमागे पाव ग्रॅमच्या आसपास चांगलं प्रोटीन एका वेळी मिळालं की हा वेग जवळपास पूर्ण वाढतो. वय वाढलं की स्नायू थोडा बहिरा होतो, त्याच इशाऱ्याला कमी दाद देतो, म्हणून वयस्कर माणसांसाठी तोच आकडा किलोमागे ०.४ ग्रॅमपर्यंत जातो. तुमच्या ६८ किलोला तो २७ ग्रॅम प्रोटीन होतो, आणि त्यात साधारण अडीच ग्रॅम ल्युसिन असावं अशी अपेक्षा असते. ट्रेनरने ३ म्हटलं. तेवढ्या फरकासाठी भांडायला नको.

पण हे आकडे कशावरून काढले तेही माहीत असू द्या. बहुतेक प्रयोगांत माणसाला उपाशीपोटी व्हे, म्हणजे दुधातून वेगळं काढलेलं प्रोटीन, किंवा तसलंच काही पाण्यात घोळून पाजलं आणि पुढचे काही तास स्नायूचा तुकडा तपासून वेग मोजला. तूप घातलेल्या वरण-भाताचं जेवण पोटात हळूहळू उतरतं, रक्तातलं ल्युसिन तेवढं उसळी मारत नाही पण जास्त वेळ टिकतं. शिवाय काही तासांचा वेग म्हणजे सहा महिन्यांत वाढलेला स्नायू नव्हे. त्यामुळे अडीच ग्रॅम म्हणजे दिव्याचं बटण समजू नका, की २.४ ला अंधार आणि २.५ ला लख्ख उजेड. तरुणांच्या बाबतीत तर दिवसभराचं एकूण प्रोटीन पुरेसं असेल तर ते कुठल्या जेवणात किती आलं याने फारसं बिघडत नाही. साओ पाउलोमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुण पुरुषांचे दोन गट बारा आठवडे व्यायाम करत होते, एक मांसाहारी आणि एक दूधही न घेणारा. दोघांना दिवसाला किलोमागे १.६ ग्रॅम प्रोटीन दिलं होतं, दुसऱ्या गटाची भरती सोयाच्या पावडरने केली होती. स्नायू दोन्ही गटांचे सारखेच वाढले. तुमचं वय त्यांच्या दुप्पट-अडीचपट आहे, म्हणून तुमच्यासाठी एकेका जेवणाचा हिशोब मी जास्त गंभीरपणे घेते. साठीच्या पुढचे पेशंट असतात त्यांच्यासाठी आणखी जास्त.

आता मुद्द्याचं. प्रोटीनमध्ये ल्युसिनचा वाटा किती, हे पदार्थागणिक बदलतं, पण लोकांना वाटतं तेवढं नाही. दुधाच्या प्रोटीनमध्ये तो साडेनऊ टक्क्यांच्या आसपास, व्हेमध्ये दहाच्या थोडा वर, सोयात पावणेआठ, आपल्या डाळींत सात ते साडेसात, तांदळात आठ, गव्हात पावणेसात. म्हणजे सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या आकड्यात दुपटीचासुद्धा फरक नाही. उलट पदार्थात प्रोटीन किती, हा फरक बघा. शंभर ग्रॅम कोरड्या सोया वड्यांत पन्नासच्या वर, पनीरमध्ये अठरा, कच्च्या तुरीच्या डाळीत बावीस, पोह्यांत सहा-सात, साबुदाण्यात जवळजवळ शून्य. खरा खेळ इथे आहे. ताटातलं प्रोटीन २७ ते ३० ग्रॅमवर नेलं आणि त्यातला एक भाग दुधाचा किंवा सोयाचा असला, की ल्युसिन सव्वादोन-अडीचच्या घरात आपोआप जातं. म्हणून माझ्या पेशंटना मी ल्युसिन मोजायला सांगतच नाही, प्रोटीन मोजायला सांगते. तुम्ही विचारलंय म्हणून यावेळी दोन्ही मोजते.

सकाळ. पोह्यांची एक डिश म्हणजे ६० ग्रॅम कोरडे पोहे, त्यात प्रोटीन चार ग्रॅम. दाणे चमचाभर, दहा ग्रॅम धरले तर अडीच. चहात पन्नास-साठ मिली दूध, त्याचे दोन. झाले साडेआठ ग्रॅम. ल्युसिन पाऊण ग्रॅमही नाही. वर शेव भुरभुरवली तर ती चवीपुरती, हिशोबात धरू नका.

दुपार. दोन पोळ्यांची कणीक ६० ग्रॅम, प्रोटीन साडेसहा. भात ४० ग्रॅम तांदळाचा, तीन. भाजीचे दीड-दोन. ताकाच्या ग्लासात दही असतं ७५ ग्रॅमच, बाकी पाणी, म्हणून त्याचे जेमतेम अडीच. आणि वरण. इथे सगळे फसतात. वडोदऱ्यातल्या आपल्या घरांत वरण-आमटीला शेजारच्या गुजराती दाळीचं वळण लागलंय, पातळ, गुळाची, भातावर ओतली की वाहणारी. अशा वाटीत मूळ डाळ २५ ग्रॅम असली तरी पुष्कळ, म्हणजे प्रोटीन साडेपाच. दुपारची बेरीज साडेएकोणीस, ल्युसिन १.४ ग्रॅम. तुमच्या दिवसातलं सगळ्यात बरं जेवण हेच.

रात्री ४० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम मुगाच्या डाळीची खिचडी, पावणेआठ ग्रॅम. कढीचं दही-बेसन मिळून तीन. अकराच्या आत-बाहेर, ल्युसिन ०.९. चारच्या चहा-खाखऱ्याचे चार ग्रॅम.

दिवसाचे झाले ४३ ग्रॅम. किलोमागे ०.६३. आता व्यायाम, स्नायू, ल्युसिन सगळं बाजूला ठेवा. आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सामान्य प्रौढासाठी, काहीही वजनं न उचलणाऱ्यासाठी, जो आकडा दिलाय तो किलोमागे ०.८३ आहे, तुमच्यासाठी ५६ ग्रॅम. तुम्ही तिथेही पोचत नाही. आणि व्यायाम करणाऱ्यासाठी १.२ ते १.६ च्या मधलं कुठलं तरी प्रमाण लागतं. तेव्हा सकाळ-दुपार-रात्र यांतलं एकही जेवण २७ ला जात नाही, यात नवल ते काय!

हे सगळे आकडे मी तुमच्या लिहिण्यावरून अंदाजाने धरलेत. तुमच्या घरची वाटी मोठी असेल, डाळ घट्ट असेल. म्हणून एक काम करा. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घ्या आणि एक आठवडा कुकर लावण्याआधी कोरडी डाळ, तांदूळ, कणीक तोला. घरात चौघं जेवत असाल तर डाळ भागिले चार, आणि रात्रीसाठी आमटी उरली असेल तर ती वजा. शिजलेलं तोलू नका, कारण पाणी किती गेलं ते कुणालाच ठाऊक नसतं. सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही की मोबाइलवर 'तूर डाळ, १०० ग्रॅम, प्रोटीन २२' वाचायचं आणि शंभर ग्रॅम शिजलेलं वरण खाऊन २२ ग्रॅम मांडायचे. प्रत्यक्षात पातळ वरणाच्या शंभर ग्रॅमात तीन-चार ग्रॅम असतात. सोया वड्यांचं तसंच, पन्नास टक्क्यांचा आकडा कोरड्या वड्यांचा आहे, भिजून पिळल्यावर त्यांचं वजन दुप्पट-तिप्पट झालेलं असतं.

आता दुरुस्ती. तुमचं ताट न मोडता करू, कारण मोडलेलं ताट महिनाभरात पुन्हा जुन्यावर येतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की नवा डाएट चार्ट लिहायचाच मला कंटाळा येतो.

दुपारपासून सुरुवात करा, ती सोपी आहे. डाळ २५ ऐवजी ४० ग्रॅम, म्हणजे वरण चमच्यावर उभं राहील एवढं घट्ट, नऊ ग्रॅम. पोळ्या दोन, साडेसहा. भात बंद करा किंवा दोन घासांवर आणा. ताकाऐवजी दीडशे ग्रॅम घट्ट दही, पावणेपाच. भाजीत पन्नास ग्रॅम पनीर, नऊ. भाजीचे स्वतःचे दीड. बेरीज तीसच्या किंचित वर, ल्युसिन २.४. बघा, कुठलीही पावडर न टाकता आकडा आला. त्यातलं पाऊण ते एक ग्रॅम एकट्या पनीरने आणलं, तेवढंच पोळी आणि दह्याने मिळून, उरलेलं डाळीने.

सकाळी पोहे ठेवून २७ गाठणं अवघड आहे, हे आधीच सांगते. मुगाची डाळ ५० ग्रॅम रात्री भिजवून सकाळी वाटली तर दोन धिरडी होतात, बारा ग्रॅम. आत ४० ग्रॅम पनीर किसून भरलं की सात. सोबत पाव लिटर दूध, आठ. सत्तावीस ग्रॅम, ल्युसिन २.३. धिरड्याचा कंटाळा आला की बेसनाचं पुडलं, किंवा मोडाचे मूग परतून. पोहे हवेच असतील त्या दिवशी निम्मे पोहे घ्या आणि दुधात २५ ग्रॅम बिनसाखरेची स्किम्ड दूध पावडर घोळून प्या. त्या पावडरीत एक तृतीयांशाहून थोडं जास्त प्रोटीन असतं, म्हणजे नऊ ग्रॅमची भर, आणि ते दुधाचंच प्रोटीन. फॅन्सी डब्यांच्या मानाने ही फार स्वस्त पडते. ज्यांना दुधाने पोट फुगतं त्यांनी मात्र ती टाळावी, कारण दुधातली साखरही तिच्यात एकवटलेली असते. अशांना दही-पनीर सहसा चालतं. आणि सेव-उसळ! आपल्या गावात सकाळी सेव-उसळ खाणारे पुष्कळ. उसळीतला वाटाणा उत्तम आहे, सुक्या ६० ग्रॅम वाटाण्याचे तेरा ग्रॅम प्रोटीन होतात, पण डिशमध्ये वाटाणा कमी आणि तर्री, शेव, पावच जास्त असतो. घरी करा, वाटाणा वाढवा, शेव कमी करा, वर दही घ्या.

रात्रीची खिचडी सोडायची गरज नाही. तांदूळ ४० ग्रॅम तसेच, मुगाची डाळ ३० ग्रॅम, आणि त्यात २५ ग्रॅम सोया ग्रॅन्युल्स. हे ग्रॅन्युल्स गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून दोनदा पिळून घ्या, मग फोडणीत आलं-लसूण-हिंगावर परता आणि नंतर डाळ-तांदूळ घाला. न पिळता थेट कुकरात टाकले की कच्चट वास येतो, आणि 'सोया आवडत नाही' म्हणणाऱ्या बहुतेकांनी तोच खाल्लेला असतो. त्यांचे तेरा, डाळीचे सात, तांदळाचे तीन, वाटीभर दह्याचे पावणेपाच. अठ्ठावीस ग्रॅम, ल्युसिन सव्वादोन.

दिवसाचे आता ९० ग्रॅमच्या आसपास झाले, किलोमागे १.३. तिन्ही जेवणं अडीचच्या जवळ. एखादं जेवण वीसवर राहिलं तर तो दिवस वाया गेला असं मानू नका. दिवसाची बेरीज पहिली, वाटणी दुसरी.

एक बारीक गोष्ट इथे सांगायला हवी. डाळीचं प्रोटीन दुधाएवढं पचत नाही. दुधातलं जवळपास सगळं आतड्यात शोषलं जातं, डाळी-कडधान्यांतलं बऱ्याच प्रमाणात तसंच पुढे जातं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी हे खुणा केलेल्या अमिनो आम्लांनी माणसांतच मोजलंय, आणि सालीसकट मुगापेक्षा साल काढलेला मूग जास्त पचतो असंही दिसलं. म्हणून नुसत्या डाळ-पोळीचे कागदावरचे २७ आणि दूध-पनीर मिसळलेले २७ एक नव्हेत. माझा ढोबळ नियम असा, जेवणातलं निदान तिसरा हिस्सा प्रोटीन दुधाचं किंवा सोयाचं असेल तर २७ ते ३० पुरे. तेही नको असेल, दूध आणि सोया दोन्ही सोडल्यामुळे, तर ३५ पर्यंत न्या. नेदरलँड्समधल्या एका प्रयोगात वयस्कर पुरुषांना गव्हाचं ३५ ग्रॅम प्रोटीन दिलं तेव्हा स्नायूचा वेग वाढला नाही, ६० ग्रॅम दिल्यावर वाढला. पोळ्यांनी ६० ग्रॅम म्हणजे एका बैठकीत अर्धा किलोहून जास्त कणीक. तो रस्ता बंदच समजा.

इथे कुणी तरी हमखास विचारतं, मग ज्वारी-मक्याचं काय? त्यांच्यात ल्युसिन भरपूर! खरं आहे. ज्वारीच्या आणि मक्याच्या प्रोटीनमध्ये ल्युसिन बारा टक्क्यांच्या आसपास असतं, व्हेपेक्षाही जास्त. दोन भाकऱ्यांचं १२० ग्रॅम पीठ घेतलं तर बारा ग्रॅम प्रोटीन आणि तब्बल १.४ ग्रॅम ल्युसिन. कागदावर भाकरीने पोळीला मात दिली. पण त्याच बारा ग्रॅममध्ये लायसिन नावाचं दुसरं आवश्यक अमिनो आम्ल पाव ग्रॅमच्या थोडं वर आहे, गरजेच्या निम्मंच. मुकादमाने हाक मारली, मजूर जमले, आणि साइटवर विटाच नाहीत. म्हणून नुसता ल्युसिनचा आकडा पाहून पदार्थ निवडणं धोक्याचं. भाकरीबरोबर घट्ट डाळ किंवा झुणका आणि दही घेतलं की लायसिन भरून निघतं, आणि मग भाकरीचं ल्युसिन खरंच कामी येतं. ज्वारीच्या या जादा ल्युसिनचा अभ्यास आपल्याकडे वेगळ्याच कारणाने फार आधी झाला होता. हैदराबादला गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये तो पेलाग्रा या आजाराशी जोडून दाखवला, कारण नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरीब लोकांत तो आढळत होता. ताटात डाळ-दूध असणाऱ्याने भाकरीला घाबरायचं कारण नाही, एवढंच लक्षात ठेवा.

आता पावडर. नुसत्या ल्युसिनच्या पावडरीचंही वरच्यासारखंच आहे. अपुऱ्या जेवणाबरोबर ती दिली तर वयस्कर लोकांत काही तासांपुरता वेग वाढलेला दिसतो, हे मी नाकारत नाही. पण नेदरलँड्समध्येच २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वयस्कर पुरुषांनी तीन महिने रोज तिन्ही जेवणांबरोबर अडीच-अडीच ग्रॅम ल्युसिन घेतलं आणि त्यांचा स्नायू किंवा ताकद खोट्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा वाढली नाही. बीसीएए नावाने तीन अमिनो आम्लांचं रंगीत पेय मिळतं, त्यातही उरलेली सहा नाहीत. पैसे खर्च करायचेच असतील तर साधं व्हे घ्या. एका स्कूपमध्ये वीस-चोवीस ग्रॅम प्रोटीन आणि दोन-अडीच ग्रॅम ल्युसिन, शिवाय नऊच्या नऊ अमिनो आम्लं. ते दूधच आहे, शाकाहाराच्या आड येत नाही. डब्यावर घटकांच्या यादीत ग्लायसिन, टॉरिन असं वेगळं टाकलेलं दिसलं तर ठेवून द्या. ते स्वस्तातले अमिनो आम्ल टाकून नायट्रोजनच्या चाचणीत प्रोटीन जास्त दाखवायची जुनी युक्ती आहे. माझ्या मते व्हेची जागा तुमच्या दिवसात एकच आहे. सकाळ, ज्या दिवशी धिरडी करायला कुणाला वेळ नसतो.

प्रोटीन वाढवण्याआधी किडनीसाठी दोन गोष्टी तपासा. रक्तातलं क्रिएटिनीन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, विशेषतः साखर किंवा ब्लडप्रेशर असेल तर. किडनीचा त्रास आधीच असेल तर हे सगळं गणित तुमच्यासाठी नाही, ते तुमच्या डॉक्टरांबरोबर नव्याने मांडावं लागेल. किडनी ठीक असेल तर किलोमागे १.३ ग्रॅमने ती बिघडत नाही. आणि थायरॉइडची गोळी घेत असाल तर ती उपाशीपोटी घेऊन सोया आणि दूध दोन्ही काही तास लांब ठेवा, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही आणि टीएसएच वर गेल्यावर सगळे सोयाला नावं ठेवतात.

बिघडतं कुठे तेही सांगते. पहिल्या पंधरा दिवसांत गॅस. डाळ एकदम दुप्पट केली की होणारच, म्हणून आठवड्याला दहा ग्रॅमने वाढवा, डाळ भिजवा, भिजवलेलं पाणी टाका. दुसरं, पोट. पनीर आणि म्हशीचं दूध यांत प्रोटीनच्या बरोबरीने किंवा जास्त चरबी असते. पनीर वाढलं आणि भात, शेव, फरसाण तसंच राहिलं तर महिन्याने पॅन्ट घट्ट होईल आणि वजन वाढलं म्हणून तुम्हाला वाटेल स्नायू आला. कंबर दर पंधरवड्याला फितीने मोजा. वजन वाढतंय आणि कंबरही वाढतेय तर पनीरच्या जागी सोया, स्किम्ड दूध किंवा व्हे आणा. तिसरं, सुटं पनीर. बाजारात वनस्पती तेलाचं बनवलेलं नकली पनीर सर्रास मिळतं, त्याच्या प्रोटीनचा भरवसा नाही. घरी लिटरभर म्हशीच्या दुधाचं दोनशे ग्रॅमच्या आसपास होतं, चार दिवसांची दुपार भागते.

जिममधल्या ज्या मशीनवर अनवाणी उभं राहून स्नायूचे किलो छापून मिळतात, त्या कागदावर विश्वास ठेवू नका. आदल्या रात्री पाणी किती प्यालात यावर तो आकडा सहज हलतो. त्यापेक्षा वहीत लिहा की त्याच व्यायामाला, तेवढ्याच वेळा, किती किलो उचललं, आणि हात न टेकवता खुर्चीतून तीस सेकंदांत किती वेळा उठलात. दहा-बारा आठवड्यांत दोन्ही आकडे वर जायला हवेत. खाणं ९० वर येऊनही ते हलले नाहीत तर दोष ताटात शोधू नका, बहुधा तुम्ही तेच वजन तीन महिने उचलत असता. ट्रेनरला ते विचारा.

उपासाचं तुम्ही लिहिलं नाही, पण आपल्याकडे चातुर्मासात विचारावंच लागतं. साबुदाण्याच्या खिचडीत प्रोटीन असतं ते दाण्याच्या कुटाचं, साबुदाण्याचं काहीच नाही. ३० ग्रॅम दाणे म्हणजे साडेसात ग्रॅम, ल्युसिन अर्धा ग्रॅम. एकादशीला त्याऐवजी राजगिऱ्याच्या ५० ग्रॅम पिठाचे थालीपीठ, सोबत शंभर ग्रॅम पनीर मिरी-सैंधव लावून तव्यावर परतलेलं, आणि वाटीभर दही घेतलं तर तीसच्या आसपास जाता येतं, उपासही मोडत नाही. महिन्यातून दोनच उपास असतील तर एवढाही खटाटोप नको, दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं जेवा. सोमवार, गुरुवार, चतुर्थी असं आठवड्याला दोन-तीनदा होत असेल तर मात्र राजगिरा-पनीरची सवय लावून घ्या. काट्यावर आठवडाभर तोललेले आकडे आले की इथेच लिहा, डाळ आणि दही हे दोनच पुरेत, बाकीचं मी धरून देईन.